क्लिप आपल्याला दिसते, पण पलीकडे पोहोचते का?

पेरणी जवळ आली की ग्रामसंघांच्या बैठका वाढतात, आणि आता त्यातल्या बऱ्याच बैठका लॅपटॉपवर आणि मोबाइलवर होतात. बैठकीत कोणीतरी म्हणते, "थांबा, एक व्हिडिओ दाखवते." व्हिडिओ सुरू होतो. दाखवणाऱ्या ताईला सगळे नीट दिसते, नीट ऐकू येते. पलीकडच्या गावात मात्र चित्र अडखळत असते आणि आवाज तर नसतोच. बायका भिडेखातर काही बोलत नाहीत. व्हिडिओ संपतो, सगळ्या "छान होता" म्हणतात आणि बैठक पुढे सरकते.

आज आम्ही एवढीच एक गोष्ट सांगणार आहोत: बैठकीत क्लिप दाखवताना पलीकडे चित्र सरळ चालावे आणि आवाज ऐकू जावा, यासाठी काय करायचे आणि का करायचे. उदाहरण म्हणून आमच्या एका कृषी सखीने काढलेली क्लिप घेऊ. क्लिप सोयाबीनच्या बीजप्रक्रियेची आहे, ३ मिनिटे २० सेकंदांची. ती तीन गावांच्या ग्रामसंघांना एकाच वेळी दाखवायची होती.

या क्लिपमध्ये दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हाताची चाल. सोयाबीनच्या बियाण्याचे साल पातळ असते. औषध चोळताना जोर लावला तर साल निघते आणि मग उगवण कमी होते. हात किती हलका ठेवायचा, बी कसे खालून वर आणायचे, हे बोलून समजत नाही, बघावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. आधी बुरशीनाशक लावायचे, ते सुकले की मग रायझोबियमचे जिवाणू संवर्धक लावायचे, सावलीत वाळवायचे आणि लगेच पेरायचे. हा क्रम क्लिपमध्ये कृषी सखी तोंडाने सांगते. म्हणजे चित्र अडखळले तर हात समजत नाही आणि आवाज गेला तर क्रम समजत नाही. क्रम उलटा झाला तर औषधाने जिवाणू मरतात आणि संवर्धकाचे पैसे वाया जातात. तेव्हा "थोडे अडकले, पण चालतंय" असे म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही.

आता चित्र का अडखळते ते बघू. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक झरझर येणारे फोटो. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत एका सेकंदात साधारण ३० फोटो असतात. ते इतक्या भराभर बदलतात की आपल्या डोळ्याला हात हलताना दिसतो. आपण स्क्रीन शेअर करतो तेव्हा सभेचे ॲप आपल्या पडद्याचे असेच फोटो काढून इंटरनेटवरून पलीकडे पाठवते.

इंटरनेटची वाट मात्र अरुंद असते. एका सेकंदात त्या वाटेने ठरावीकच ओझे जाते. मग ॲपला निवड करावी लागते: थोडेच फोटो पाठवायचे पण अगदी स्पष्ट, की पुष्कळ फोटो पाठवायचे पण थोडे पुसट. बहुतेक लोक बैठकीत हिशोबाचा तक्ता, अर्ज, यादी असे काहीतरी दाखवतात. तिथे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि तक्ता काही हलत नाही. म्हणून ॲप आपण होऊन पहिला मार्ग धरते, थोडे फोटो आणि स्पष्ट अक्षर. तक्त्यासाठी ते बरोबरच आहे. पण त्याच पद्धतीने व्हिडिओ गेला की तीस फोटोंमधले मोजकेच पलीकडे पोहोचतात. हात इथे दिसतो आणि एकदम तिथे दिसतो, मधली चाल गायब होते. ॲप बिघडलेले नसते. आपण दाखवतो आहोत तो व्हिडिओ आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

आवाजाची गोष्ट वेगळी आहे. स्क्रीन शेअर म्हणजे पडद्याचे चित्र शेअर. त्यात आवाज आपोआप जात नाही. पलीकडे जातो तो फक्त आपल्या माइकचा आवाज. मग काही जणी लॅपटॉपचा आवाज मोठा करतात आणि माइक चालू ठेवतात, म्हणजे स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरेल. हा उपाय सुचतो खरा, पण तो चालत नाही. पलीकडचा माणूस बोलला की त्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, माइकमध्ये शिरतो आणि त्यालाच परत ऐकू जाऊ शकतो. तसे होऊ नये म्हणून ॲप स्पीकरमधून आलेला आवाज ओळखून कापून टाकते. शिवाय माणसाच्या बोलण्याखेरीजचा आवाज, म्हणजे मशीन, वारा, संगीत, त्याला ते गोंगाट समजते आणि दाबते. त्यामुळे क्लिपमधला आवाज पलीकडे तुटक तुटक, विहिरीतून आल्यासारखा पोहोचतो. व्हिडिओचा आवाज माइकमधून न पाठवता आतल्या आत थेट पाठवायला हवा.

हे दोन्ही झूममध्ये दोन खुणांनी होते. लॅपटॉपवर बैठक सुरू असताना खाली Share असे हिरवे बटण असते, काही ठिकाणी त्यावर Share Screen असे लिहिलेले असते. ते दाबले की काय शेअर करायचे ते विचारणारी खिडकी उघडते. लगेच पडदा निवडून पुढे जाऊ नका. त्याच खिडकीत खालच्या बाजूला डावीकडे दोन छोटे चौकोन बघा. एकासमोर Share sound लिहिलेले असते. दुसऱ्यासमोर Optimize for video clip असते. आवृत्तीप्रमाणे त्यातला शेवटचा शब्द थोडा वेगळा दिसेल. पहिल्या चौकोनात खूण केली की लॅपटॉपमधला आवाज थेट पलीकडे जातो. दुसऱ्यात खूण केली की ॲप दुसरा मार्ग धरते, जास्त फोटो पाठवते आणि चित्र सरळ चालते. दोन्ही खुणा झाल्या की मगच पडदा निवडायचा आणि शेअर करायचे. शेअर सुरू झाल्यावर खूण राहिल्याचे लक्षात आले तरी बिघडत नाही. वरच्या पट्टीतल्या More मध्ये या दोन्ही गोष्टी पुन्हा मिळतात.

यानंतर क्लिप पूर्ण पडद्यावर चालवायची, छोट्या चौकटीत नाही. आणि आपला माइक बंद करायचा. माइक बंद केला तर क्लिपचा आवाजही बंद होईल अशी भीती अनेकींना वाटते. तसे होत नाही. क्लिपचा आवाज आता वेगळ्या वाटेने जातो आहे. उलट माइक चालू राहिला तर खोलीतली कुजबुज, पंख्याची घरघर आणि कधी कधी क्लिपचाच दुसऱ्यांदा आवाज पलीकडे जातो.

गूगल मीट वापरत असाल तर चाल थोडी वेगळी आहे. तिथे क्लिप क्रोमच्या एका टॅबमध्ये उघडायची. फाइल लॅपटॉपमध्ये असेल तर क्रोममध्ये नवा टॅब घेऊन Ctrl आणि O ही बटणे एकदम दाबा आणि फाइल निवडा, ती तिथेच चालू होते. सुरू झाली की लगेच थांबवून ठेवा. मग मीटमध्ये शेअर करताना पूर्ण पडदा न निवडता हा टॅब निवडा आणि खाली Also share tab audio ही खूण चालू आहे ना ते पाहा. मीटमध्ये व्हिडिओसाठी टॅब निवडणे हेच सगळ्यात सोपे, कारण टॅबचे हलते चित्र आणि आवाज दोन्ही त्यातून जातात.

फक्त मोबाइलवरून दाखवायची वेळ आली तर झूममध्ये अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन लागतो. स्क्रीन शेअर केल्यावर तिथे आवाज शेअर करण्याचे वेगळे बटण येते, ते चालू करायचे. तरी महत्त्वाच्या क्लिपसाठी ग्रामसंघाचा किंवा शाळेचा लॅपटॉप मिळत असेल तर तो घ्यावा असे आम्ही सुचवू.

आता आमची बीजप्रक्रियेची क्लिप कशी गेली ते क्रमाने सांगतो.

क्लिप आधी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली. हे महत्त्वाचे आहे. तीच क्लिप यूट्यूबवरून चालवली तर एकाच इंटरनेटवरून आधी ती आपल्याकडे येते आणि मग आपल्याकडून पलीकडे जाते. अरुंद वाटेवर दोन्हीकडून बैलगाड्या आल्यासारखे होते. फाइल आणताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवून घेतली. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सअॅप ती दाबून लहान करते आणि बियाण्यावरचा औषधाचा रंगही नीट दिसत नाही.

मग क्लिप बैठकीशिवाय, नुसती लॅपटॉपवर चालवून पाहिली. इथेच अडखळली असती तर पुढे कोणतीही खूण करून उपयोग नव्हता. मोबाइलवर फार मोठ्या आकारात काढलेली क्लिप जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. आमची ७२० च्या आकाराची होती, ती सरळ चालली. बैठकीसाठी हा आकार पुरतो. बाकीचे सगळे टॅब आणि खिडक्या बंद करून ठेवल्या.

मग इंटरनेट तपासले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपण इंटरनेटचा वेग विचारतो तेव्हा सांगितला जातो तो आपल्याकडे येण्याचा वेग. क्लिप दाखवताना लागतो तो आपल्याकडून जाण्याचा वेग, म्हणजे अपलोड, आणि तो बहुधा कमी असतो. लॅपटॉपवर fast.com उघडून Show more info दाबले की Upload समोर हा आकडा दिसतो. तो निदान दोन एमबीपीएस असेल तर आम्ही क्लिप थेट दाखवतो. तपासणी मात्र बैठक ज्या वेळी असेल त्याच वेळी करायची, आदल्या दिवशी. आमची बैठक दुपारी दोनची होती, म्हणून आदल्या दिवशी दुपारी दोनलाच पाहिले. संध्याकाळी सगळे गाव फोनवर असते, तेव्हाचा आकडा वेगळा येतो. सकाळी सहाचा तर आणखीच वेगळा.

आणि शेवटची, आमच्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे दुसरा फोन. आपल्या लॅपटॉपवर क्लिप नेहमीच छान दिसते आणि छान ऐकू येते, कारण ती तिथेच चालू असते. पलीकडे काय पोहोचले याचा तो पुरावा नाही. म्हणून एका ताईने आपल्या फोनवरून त्याच बैठकीत प्रवेश केला, वायफायवर नाही तर मोबाइलच्या नेटवर. ती दुसऱ्या खोलीत बसली, कानात इअरफोन घातला आणि माइक बंद ठेवला. एकाच खोलीत दोन यंत्रे आवाजासह चालू ठेवली तर शिट्टी वाजल्यासारखा कर्कश आवाज होतो, म्हणून दुसरी खोली. तिला दोनच प्रश्न दिले होते. हात सलग फिरताना दिसतो का? आणि "आधी बुरशीनाशक" हे शब्द ऐकू येतात का?

पहिल्या चाचणीत ती म्हणाली, हात सलग दिसतो, शब्द ऐकू येतात, पण पाकिटावरचे प्रमाण वाचता येत नाही. हे व्हायचेच होते. चित्र सरळ चालवायला ॲपने अक्षराचा स्पष्टपणा सोडलेला असतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून आम्ही प्रमाण क्लिपमधून वाचायला लावले नाही. क्लिप संपल्यावर व्हिडिओची खूण काढली आणि मग १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, हे प्रमाण मोठ्या अक्षरात लिहिलेला कागदाचा फोटो स्थिर दाखवला. तो स्वच्छ दिसला. ही खूण काढायची आठवण ठेवा, नाहीतर पुढे दाखवलेला हिशोबाचा तक्ताही पुसट दिसत राहतो आणि सगळ्यांना वाटते की नेट गेले.

प्रत्यक्ष बैठकीत क्लिप सुरू करून पहिली दहा सेकंदे झाल्यावर थांबवली आणि तिन्ही गावांना विचारले. "दिसते का" असे विचारायचे नाही, त्यावर सगळ्या हो म्हणतात. आम्ही विचारले, "ताईने आत्ता कोणते नाव घेतले?" दोन गावांतून लगेच उत्तर आले. तिसऱ्या गावातून उत्तर आले नाही. तिथे चित्र येत होते, आवाज नव्हता.

अशा वेळी घाबरून सगळ्या खुणा बदलायच्या नाहीत. अडचण कुठे आहे ते आधी ओळखायचे, आणि ते सोपे आहे. कोणत्याच गावाला आवाज नसेल तर अडचण आपल्याकडे आहे: Share sound ची खूण राहिली, किंवा ज्या प्लेअरमध्ये क्लिप चालू आहे त्याचाच आवाज बंद आहे. आवाज येतो पण तुटक आणि खोल येतो, तर तो माइकमधून जातो आहे. चित्र सगळीकडे अडखळते तर व्हिडिओची खूण नाही किंवा आपला अपलोड कमी पडतो आहे. एकाच गावाची तक्रार असेल तर अडचण त्या गावात आहे, आपण काही बदलायचे नाही. आमच्या तिसऱ्या गावात फोन बैठकीत आला होता, पण बैठकीचा आवाज जोडलेलाच नव्हता. तिथल्या ताईने आवाजाचे बटण दाबून ते जोडले, आम्ही क्लिप पहिल्यापासून लावली.

आणखी एक. क्लिप पलीकडे एखाद-दोन सेकंद उशिराने पोहोचते. म्हणून चालू क्लिपवर "हे बघा, आत्ता बघा" असे बोलू नका, तुमचे बोलणे आणि त्यांचे चित्र जुळणार नाही. क्लिप थांबवा, दोन सेकंद जाऊ द्या, मग बोला. आणि झूमचे फुकटचे खाते असेल तर बैठक ४० मिनिटांनी बंद होते. क्लिप शेवटी ठेवली तर ती मध्येच तुटते. हजेरी झाली की लगेच क्लिप, चर्चा नंतर, असा क्रम बरा.

आता जिथे या कशाचाच उपयोग होत नाही तेही सांगायला हवे. आपला अपलोड अर्धा एमबीपीएससुद्धा नसेल, किंवा डोंगरातल्या वाडीत नेट येत-जात असेल, तर दोन्ही खुणा करूनही चित्र अडखळणारच. खूण केल्याने आहे त्या वाटेचा वापर बदलतो, वाट रुंद होत नाही. अशा वेळी थेट दाखवण्याचा हट्ट सोडावा. आदल्या दिवशी प्रत्येक गावातल्या एका ताईला क्लिप डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि ती पूर्ण उतरली आहे याची खात्री फोन करून घ्यावी. बैठकीत म्हणावे, "आता आपापल्या गावात क्लिप लावा, चार मिनिटांनी परत भेटू." सगळ्यांनी माइक बंद करायचे, क्लिप तिथल्या तिथे लावायची आणि परत येऊन प्रश्न विचारायचे. यात चित्र अडखळत नाही, आवाज जात नाही आणि ज्यांना हाताची चाल दोनदा बघायची आहे त्या दोनदा बघू शकतात. नेट चांगले असलेल्या गावांसाठीही ही पद्धत जवळ असू द्यावी. आम्ही बीजप्रक्रियेची क्लिप तिन्ही गावांना आधीच पाठवून ठेवली होती. बैठकीच्या दिवशी लाइट गेली असती तरी क्लिप त्यांच्या फोनमध्ये होती.

पुढच्या बैठकीत क्लिप दाखवणार असाल तर वहीत चार ओळी लिहून घ्या. फाइल लॅपटॉपमध्ये उतरली का. आवाजाची आणि व्हिडिओची खूण झाली का. माइक बंद आहे का. आणि दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या फोनवर कोण बसणार आहे, तिचे नाव.